चकलीचा ब्रॉडकास्ट: कुठे चुकला आणि कसा दुरुस्त केला

आमच्या सोसायटीतल्या एक काकू घरगुती फराळ विकतात. दिवाळीआधी त्यांनी मला त्यांचा व्हॉट्सअॅप मेसेज दाखवला आणि विचारलं, "अरे, लोक ब्लॉक का करतायत?"

मेसेज 22 ओळींचा होता. सुरुवातीला शुभ सकाळ, मग दिव्यांची इमोजी, मग "आपल्या सेवेत". भाव अठराव्या ओळीत. नोटिफिकेशनमध्ये पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात, आणि मोठा मेसेज Read more च्या मागे जातो. म्हणजे चकली कोणाला दिसलीच नाही, दिसली ती फक्त शुभ सकाळ.

पण लांबी ही छोटी गडबड. खरी गडबड वेगळी होती. ब्रॉडकास्ट लिस्टमधला मेसेज ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोहोचतो, आणि एका लिस्टमध्ये 256 जणच बसतात. बऱ्याच जणांना एकच टिक दिसली, म्हणून काकूंनी सरळ ग्रुप काढला आणि गेल्या वर्षीच्या डिलिव्हरीच्या वहीतले सगळे नंबर त्यात टाकले. झालं! अनोळखी माणसांना एकमेकांचे नंबर दिसले. वहीतला नंबर लोकांनी डबा घरी पोहोचावा म्हणून दिला होता, ऑफरसाठी नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नेमकं हेच आहे: संमती ठराविक कामापुरती असते, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या मात्र त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होणार आहेत. पण लोक तोपर्यंत थांबत नाहीत, ते Report दाबतात.

मग ग्रुप बंद केला आणि मेसेज असा केला:

"नमस्कार, मागच्या दिवाळीत तुम्ही आमच्याकडून फराळ घेतला होता. भाजणीची चकली 480 रु. किलो, सोसायटीत घरपोच. ऑर्डर रविवार रात्रीपर्यंत. किती किलो ते लिहून पाठवा. असे मेसेज नको असतील तर 'नको' लिहा."

पहिल्या ओळीत 'हे कोण' याचं उत्तर आहे, म्हणून स्पॅम वाटत नाही. "मर्यादित स्टॉक, त्वरा करा" काढलं, कारण रविवार ही खरी मुदत आहे. आणि हा मेसेज जाणार फक्त त्यांना, ज्यांनी डबा घेताना "पुढच्या वेळी कळवू का?" याला हो म्हटलंय. यंदा अशी यादी 40 जणांचीच झाली. काकूंचा चेहरा पडला होता, खोटं कशाला सांगू.

एक कटकट राहते. 'नको' हे उत्तर काकूंच्या वैयक्तिक चॅटमध्ये येतं, लिस्टमधून नाव आपोआप जात नाही. ते हाताने काढावं लागतं, त्याच दिवशी. नाहीतर पुढच्या मेसेजला तोच माणूस ब्लॉक करतो. पाठवल्यावर मेसेजचं Info उघडून कोणाला पोहोचला ते बघा. एकाच नावापुढे दोन-तीनदा डिलिव्हरी दिसली नाही, तर त्याने नंबर सेव्ह केला नसेल किंवा ब्लॉक केलं असेल. दोन्हीत त्याला यादीतून काढलेलंच बरं.