सात रुपये तीस पैसे आधी सांगा



रुपया घसरला की आपण पहिल्या पानावर चौकटीत डॉलरचा आणि युरोचा दर छापता. तो दर बँकांच्या आपसातल्या बाजाराचा असतो. परदेशी नोटा घ्यायला शाखेत गेलेल्या माणसाला तो कुठेच मिळत नाही, हे मला नुकतेच पुरते कळले. म्हणून हे पत्र.

मुलगी जर्मनीत असते. तिच्याकडे महिनाभर जायचे होते, हाताशी थोडी रोख असावी म्हणून ८०० युरो घ्यायचे ठरवले. शाखेत फोन करून "आज युरोचा भाव काय?" असे विचारले. उत्तर आले, १०१ रुपये १० पैसे. पैशांची तजवीज करून खिडकीपाशी गेलो, तर पावतीवर १०५ रुपये ५० पैसे! चूक झाली असेल म्हणून विचारले, तेव्हा टेबलावरचा दरपत्रकाचा कागद माझ्याकडे वळवला गेला. त्यावर एकाच युरोचे चार दर होते. फोनवर मला सांगितला होता तो टीटी खरेदीचा, म्हणजे परदेशातून तारेने आलेले पैसे बँक ज्या भावाने घेते तो. तारेने बाहेर पाठवण्याचा दर १०३.२०. नोटा विकण्याचा १०५.५०. आणि नोटा विकत घेण्याचा ९८.२०.

इथेच बहुतेकांची फसगत होते. दरपत्रकातली 'खरेदी' आणि 'विक्री' ही बँकेच्या बाजूने लिहिलेली असते. आपण खरेदी करायला जातो, तेव्हा बँक विकत असते. म्हणून आपल्याला लागतो तो विक्रीचा दर, आणि तोही नोटांच्या रकान्यातला. "आज भाव काय?" या प्रश्नाला शाखेत चार खरी उत्तरे आहेत. त्यांतले ग्राहकाच्या कामाचे कोणते, हे सांगणे खिडकीमागच्या माणसाचे काम नाही का?

नोटांचा दर तारेच्या दरापेक्षा महाग असणार, हे मला मान्य आहे. नोटा बाहेरून आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो, आणि तिजोरीत पडून असेपर्यंत त्यांवर व्याज सुटत नाही. माझी तक्रार महागाईची नाहीच. विक्री १०५.५० आणि खरेदी ९८.२० यांतला सात रुपये तीस पैशांचा फरक मला व्यवहाराआधी कुणी सांगितला नाही, ही माझी तक्रार आहे. सराफाकडे जुने सोने मोडायला गेलो तर तोही घट धरतो, पण दागिना तराजूत टाकण्याआधी घट किती ते सांगतो. सराफाला जे जमते ते बँकेला का जमू नये?

त्या सात रुपये तीस पैशांनी माझे काय केले ते ऐका. ८०० युरोंचे ८४,४०० रुपये झाले, म्हणजे फोनवरच्या दरापेक्षा ३,५२० रुपये जास्त. त्यावर जीएसटीचे १५२ रुपये. हा कर पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के लावतात. तिकडे मुलीने फारसा खर्च करू दिला नाही, ३०० युरो उरले. परत आल्यावर शाखेतून ऐकायला मिळाले, "उरलेले चलन १८० दिवसांत परत करावेच लागते." मी निमूटपणे देऊन टाकले. त्या दिवशी विक्रीचा दर १०५.५०च होता, म्हणजे बाजार हललेला नव्हता. तरी ३१,६५० रुपयांना घेतलेल्या नोटांचे २९,४६० रुपये आले. २,१९० रुपये गेले, आणि वर विकतानाही जीएसटीचे ५३ रुपये.

घरी आल्यावर एका निवृत्त बँक अधिकारी स्नेह्यांनी सांगितले की १८० दिवसांचा नियम खरा आहे, पण २,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच्या नोटा प्रवाशाला स्वतःजवळ ठेवता येतात. माझे ३०० युरो त्या मर्यादेच्या किती तरी आत होते! पुढच्या वर्षी पुन्हा जायचे आहे. त्या नोटा कपाटात राहिल्या असत्या तर हे नुकसान झालेच नसते. अर्धा नियम सांगणे म्हणजे चुकीचा नियम सांगणेच, असे मी पस्तीस वर्षे वर्गात शिकवत आलो.

कागदपत्रांची कथाही तशीच. पहिल्या खेपेला पासपोर्ट आणि पॅन कार्ड घेऊन गेलो, तेव्हा "तिकीट आणा" म्हणाले. दुसऱ्या खेपेला तिकीट नेले, तर व्हिसाचे पान हवे होते. तिसऱ्या खेपेला सगळे कागद नेले, ए-२ अर्ज भरून सही केली आणि रोख रक्कम पुढे ठेवली. तेव्हा कळले की ५०,००० रुपयांच्या वर रोख चालत नाही, चेक किंवा कार्ड लागते. यातला एकही नियम गैर नाही. नोटा प्रवासाच्या आधी ६० दिवसांच्या आतच मिळतात, म्हणून तिकिटावरची तारीख पाहतात, हेही रास्त आहे. पण हे सगळे एका कागदावर पाच ओळींत मावते. तो कागद पहिल्या दिवशी हातात दिला असता तर एका ज्येष्ठ नागरिकाचे दोन हेलपाटे वाचले असते. असा कागद मराठीत छापायला किती खर्च येतो?

जाता जाता आणखी एक. मला ८०० युरो दिले ते दोनशेच्या चार नोटांत. तिकडे बेकरीवाला आणि बसचालक दोघांनीही ती नोट घ्यायला नकार दिला, आणि पहिले दोन दिवस माझा खर्च मुलीनेच केला. "वीस-पन्नासच्या द्या" असे म्हणायचे मला सुचले नाही, पण रोज नोटा विकणाऱ्यांना ते सुचायला हवे होते.

परकीय चलनाचे खरेदी-विक्रीचे दर काउंटरजवळ ठळक जागी लावावेत, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश चलन बदलून देणाऱ्यांना आहे. माझ्या शाखेत तो कागद टेबलाच्या काचेखाली, खिडकीच्या आतल्या बाजूने वाचता येईल असा होता. तो बाहेरच्या बाजूला लावा. नोटांच्या खरेदीचा आणि विक्रीचा दर शेजारी शेजारी, मोठ्या अक्षरांत लिहा. आणि पैसे घेण्याआधी कर धरून एकूण किती होतील ते चिठ्ठीवर द्या. शाखेला मी तसे लेखी कळवले आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे. तोवर वाचकांनी एवढे करावे: शाखेत "भाव काय?" असे विचारू नये. "नोटा मला किती रुपयांना द्याल आणि उरल्या तर किती रुपयांना परत घ्याल?" असे विचारावे, आणि दोन्ही आकडे तिथेच लिहून घ्यावेत.

– एक निवृत्त मुख्याध्यापक, सांगली