पत्रकातल्या नावावर अंगठा ठेवा आणि मग वाचा

ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या की तालुक्याच्या प्रेसमध्ये कोरलड्रॉची एक जुनी फाईल उघडली जाते. वर फोटोसाठी मोकळा गोल, खाली चिन्हाची जागा, मग कपबशी असो नाहीतर शिट्टी. आणि मधे मजकूर आधीच तयार: 'धडाडीचे, कर्तव्यदक्ष, कष्टाळू, अभ्यासू, जनसेवेसाठी सदैव तत्पर, तळमळीचे कार्यकर्ते'. डीटीपीवाला पोरगा नाव बदलतो, वॉर्ड क्रमांक बदलतो, फोटो चिकटवतो. दहा मिनिटांत पत्रक तयार. पुढच्या खुर्चीवर विरोधी पॅनेलचा माणूस बसलेला असतो, त्यालाही हेच मिळतं. फक्त पट्टीचा रंग वेगळा.

आपण याला टेम्प्लेट म्हणतो ते शब्दशः खरं आहे. पण फाईल नसती आणि उमेदवारानं स्वतः बसून लिहिलं असतं तरी बहुतेक हेच आलं असतं. 'मी आळशी आहे, लोकांची मला तळमळ नाही' असं कुणी छापणार आहे का? ज्या शब्दाचा उलट अर्थ कुणीच स्वतःबद्दल सांगणार नाही, तो शब्द वाचून आपल्याला काहीही नवीन कळत नाही. म्हणून एक साधी तपासणी: नावावर आणि फोटोवर अंगठा ठेवा आणि उरलेलं वाचा. ते समोरच्या उमेदवारालाही जसंच्या तसं लागू पडत असेल, तर ते पत्रक कुणाचंच नाही. गंमत म्हणजे अख्ख्या पत्रकात तपासून बघता येईल अशी ओळ बहुतेक वेळा एकच असते, सगळ्यात खाली बारीक अक्षरात: मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या.

काही हुशार उमेदवारांना हे कळलंय. ते विशेषणं काढतात आणि आकडा टाकतात. 'पाच वर्षांत दीड कोटींची विकासकामे!' पण हा आकडा म्हणजे नवीन विशेषणच. त्यात वित्त आयोगाचे पैसे धरलेले असतात, आणि ते ठरलेल्या सूत्रानं येतात. तुम्ही सदस्य असा, मी असो, नाहीतर कुणी तिसरा, ते आलेच असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग तर पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. तो तिथंच खर्च करायचा, त्यात दूरदृष्टी वगैरे काही नाही. शिवाय आमदार निधीतला रस्ता सरपंच सांगतो, उपसरपंच सांगतो, तिन्ही वॉर्डांतले सदस्य सांगतात. एकच रस्ता पाच पत्रकांत.

मग दाखवायचं काय? गेल्या खेपेला एका मित्रानं पत्रक लिहून मागितलं. एकदा सदस्य झालेला, दुसऱ्यांदा उभा राहणारा. सोबत आणलेला मजकूर वर सांगितलेल्या फाईलमधलाच होता. मी त्याला एवढंच विचारलं, 'तू नसतास तर झाली नसती अशी एक गोष्ट सांग.' आधी म्हणाला, भरपूर आहेत. मग म्हणाला, रस्ता. रस्ता कुणाच्या निधीतला? गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाला, 'वरच्या आळीचं पाणी. पण ते काय सांगायचं, किरकोळ काम.'

ते किरकोळ काम असं होतं. गावात एकच मुख्य लाईन. टाकीतून पाणी सुटलं की खालच्या आळीत आधी पोचायचं, तिथं लोक नळाला मोटरी लावून ओढायचे आणि वरच्या आळीतल्या ३८ घरांपर्यंत दाबच यायचा नाही. उन्हाळ्यात बायका खालच्या आळीतून कळशीनं पाणी वर न्यायच्या. यानं मासिक सभेत विषय मांडला की लाईन दोन ठिकाणी व्हॉल्व्ह टाकून तोडायची आणि वरच्या आळीला आधी ४० मिनिटं सोडायचं, मग खाली. खालच्या आळीतल्या सदस्यानं विरोध केला, कारण त्यांचा वेळ कमी होणार होता. पहिल्या सभेत विषय बारगळला. दुसऱ्या सभेत ठराव झाला. दोन व्हॉल्व्ह, पाइपचे तुकडे, चेंबर आणि मजुरी मिळून १९ हजारांचा खर्च, पाणीपुरवठा निधीतून. त्यानंतर पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्यावर दमदाटी होऊ नये म्हणून हा पठ्ठ्या पंधरा दिवस पहाटे त्याच्याबरोबर व्हॉल्व्हपाशी उभा राहिला.

आता यात बघा. 'धडाडीचा' हा शब्द पहिल्या सभेत विषय पडल्यावर दुसऱ्यांदा मांडण्यात आहे. 'कष्टाळू' पहाटेच्या पंधरा दिवसांत आहे. 'अभ्यासू' हे, नवीन योजना मागण्याऐवजी आहे तीच लाईन तोडली की काम होतं, हे ओळखण्यात आहे. तिन्ही शब्द न लिहिता वाचणाऱ्याला तिन्ही कळतात, आणि खोटं वाटलं तर तपासताही येतात. ठरावाच्या इतिवृत्तात सूचक कोण आणि अनुमोदक कोण, दोन्ही नावं लिहिलेली असतात. 'मी केलं' म्हणणाऱ्याचं नाव तिथं सूचक म्हणून नसेल तर निदान चर्चेत कुठं आहे का, हे बघता येतं. हजेरीही तिथंच कळते. (परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना न येणाऱ्याचं सदस्यत्व जातं, म्हणजे कायद्याचीही अपेक्षा किती माफक आहे बघा. आमच्याकडं काही जण पाचव्या महिन्यात सही करून जातात.)

मी पत्रक असं लिहिलं: 'वरच्या आळीतल्या ३८ घरांना पाणी चढत नव्हतं. लाईन तोडून दोन व्हॉल्व्ह टाकण्याचा ठराव मी मांडला. पहिल्यांदा नामंजूर झाला, पुढच्या महिन्यात मंजूर झाला. खर्च १९ हजार. आज ३४ घरांना पाणी येतं. शेवटच्या चार घरांचा पाइप जुना आणि बारीक आहे, तो बदललेला नाही. एप्रिल-मे मध्ये विहीर खाली गेली की पाणी अजूनही तिसऱ्या दिवशी येतं. निवडून दिलंत तर आधी तो पाइप.'

शेवटच्या तीन वाक्यांवरून आमचं भांडण झालं. त्याचं म्हणणं, 'आपणच आपली बोंब मारायची का? विरोधक हेच वाचून दाखवतील.' मी म्हटलं, त्या चार घरांत अकरा-बारा मतं आहेत आणि पाणी येत नाही हे त्यांना तुझ्या पत्रकाआधीच माहीत आहे. 'संपूर्ण वरच्या आळीचा पाणीप्रश्न सोडवला' असं छापलंस तर ती चार घरं बाकीच्या ३४ घरांना सांगतील की हा खोटं बोलतो. मग खरं काम केलेलंही वाया. न झालेलं सांगितलं की झालेल्यावर विश्वास बसतो. शेवटी तो तयार झाला, पण पोरांनी चौकात लावलेल्या फ्लेक्सवर 'धडाडीचे युवा नेतृत्व' आलंच. पोरांपुढं कुणाचं चालत नाही.

या विशेषणांनी सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं होत असेल तर महिला उमेदवारांचं. आपल्याकडं स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांना आहेत, पण त्यांची पत्रकं उघडून बघा. नवऱ्याचा फोटो मोठा, तिचा छोटा, आणि मजकूर 'सुशील, सुसंस्कृत, मनमिळाऊ'. हे स्थळाच्या बायोडेट्यातले शब्द आहेत! त्याच पॅनेलमधल्या एका ताईंनी सात वर्षं बचत गटाचं दप्तर सांभाळलं होतं. दहा बायका, महिन्याची बचत, कुणाला किती अंतर्गत कर्ज, व्याज किती, बँकेचा हप्ता कधी. बँकेचं कर्ज दोनदा घेतलं, दोन्ही वेळा पूर्ण फेडलं, आणि एकीचा हप्ता थकला तेव्हा गट मोडू न देता तिला मुदत वाढवून दिली. ग्रामपंचायतीत जमाखर्च वाचता येणारं माणूस हवं असतं, आणि ते त्या यादीत बहुधा त्याच एकट्या होत्या. पत्रकात यातलं एक अक्षर नव्हतं. घरच्यांना वाटलं, बचत गटाचं काय सांगायचं. ताई स्वतःही तेच म्हणाल्या.

जे पहिल्यांदाच उभे राहतायत, ते म्हणतात, आमच्याकडं दाखवायला काय आहे? सदस्य नसतानाही पुष्कळ करता येतं. ग्रामसभेत प्रश्न विचारला असेल तर तो इतिवृत्तात आला का बघा. पथदिव्याचा अर्ज दिला असेल तर पोच घेतली का, आवक क्रमांक काय, पुढं काय झालं? माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाकून एखाद्या कामाचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तकातलं पान काढलं असेल तर त्याहून चांगलं. काहीच नसेल तर मात्र प्रश्न पत्रकाचा नाही.

आणि मतदारांनो, आपलंही काम आहेच. तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या निधीचा खर्च egramswaraj.gov.in वर वर्षवार बघायला मिळतो, त्याला अर्जही लागत नाही. दारात पत्रक घेऊन कुणी आलं की चहा द्या आणि एवढंच विचारा: यातलं कोणतं काम तुमच्यामुळे झालं, पैसा कुठून आला आणि काय राहिलं? तिन्हीची उत्तरं सरळ आली तर माणूस कामाचा आहे. 'सगळ्यांच्या आशीर्वादानं' असं उत्तर आलं तर फाईल तीच जुनी.

आता काही जण कमेंटमध्ये लिहितीलच की पत्रक कोण वाचतंय, निवडणूक भावकीवर आणि आदल्या रात्रीवर होते. होते, बऱ्याच अंशी. पण वॉर्डात पाच-दहा मतांनीही निकाल लागतात, आणि तेवढी माणसं प्रत्येक वॉर्डात असतात जी अजून कुणाचीच नाहीत. ती वाचतात.

मित्राचं पत्रक वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा फोन आला, जरा वैतागलेलाच. त्या चार घरांतली एक आजी पत्रक हातात घेऊन त्याच्या दारात आली होती. विचारत होती, पाइपाचा ठराव कितव्या महिन्यात घेणार ते यात का नाही लिहिलं?