'इतादाकिमास' ही नुसती प्रार्थना नव्हे

जपानच्या प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण मुलंच वाढतात. सगळ्यांना वाढून झालं की हात जोडून एका सुरात म्हणतात, 'इतादाकिमास'. तुम्हाला वाटेल, ही आपल्या श्लोकासारखी प्रार्थनाच. पण यात देवाचं नाव नाही, काही मागणंही नाही. 'इतादाकु' या क्रियापदाचा मूळ अर्थ डोक्यावर धरणे. त्यावरून नम्रपणे स्वीकारणे. आपला 'शिरोधार्य' शब्द आठवा! मोठ्यांकडून भेट घेतानाही ते हेच क्रियापद वापरतात. मग जेवताना हे घ्यायचं कोणाकडून? रांधणाऱ्याकडून, शेतकऱ्याकडून, आणि ज्या माशाचा, भाताचा जीव ताटात आला त्याच्याकडूनही, असं तिथे मुलांना समजावतात. म्हणून देव न मानणाराही ते सहज म्हणतो. माझ्या मते, वर्गात याचा अर्थ 'प्रार्थना' असा न सांगता 'मी हे नम्रपणे घेतो' असाच सांगावा.