सही होती, समजावणं कुठे होतं?

गेल्या वर्षी माझ्या एका जुन्या पेशंट बाई सकाळी सकाळी क्लिनिकमध्ये आल्या. वय शेहेचाळीस, मधुमेहाच्या गोळ्या चालू. चेहरा घाबरलेला. "डॉक्टर, खालचा ओठ उजवीकडे लागतच नाही. चहा ओघळला तरी कळत नाही. पक्षाघात आहे का हो?"

तोंड वाकडं नव्हतं, बोलणं स्पष्ट होतं, हातापायांत ताकद होती. कापसाचा बोळा फिरवून पाहिला. बधिरपणा फक्त उजव्या अर्ध्या खालच्या ओठावर आणि हनुवटीवर होता आणि तो बरोबर मध्यरेषेवर थांबत होता. मी विचारलं, "ताई, दाढ काढली का हल्ली?"

पाच दिवसांपूर्वी एका डेंटल कॉलेजात उजवी खालची अक्कलदाढ शस्त्रक्रिया करून काढली होती. संध्याकाळी ओठ जड वाटला तेव्हा त्यांना सांगण्यात आलं, "इंजेक्शनचा परिणाम आहे, जाईल."

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. खालच्या दाढेसाठी नेहमी दिलं जाणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन ओठ साधारण तीन ते पाच तास बधिर ठेवतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ बधिर असेल, तर इंजेक्शन म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी दाढ काढणाऱ्या डॉक्टरांना कळवा. खालच्या जबड्याच्या हाडात एक बारीक बोगदा असतो आणि त्यातून ओठाला व हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. अक्कलदाढेची मुळं कधीकधी या बोगद्याला टेकलेली असतात. दाढ हलवताना नस दबली किंवा दुखावली, की ओठ बधिर होतो. खालच्या अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतर शंभरातल्या साधारण एक ते पाच जणांना हे काही काळ होतं. कायमचं राहणारे शंभरात एकाहूनही कमी.

म्हणजे दाढ काढणाऱ्याने चूक केलीच असं यातून सिद्ध होत नाही. दाढ काढायचा निर्णयही योग्य होता, कारण वर्षात तीनदा तिथली हिरडी सुजून तोंड उघडेनासं झालं होतं. मला खटकलं ते वेगळंच. ताई म्हणाल्या, "असं होऊ शकतं हे कुणी सांगितलंच नाही."

त्यांच्याबरोबर मी केस पेपर पाहिला. छापील फॉर्म होता: "मला उपचाराची सर्व माहिती व धोके समजावून सांगितले असून माझी संमती आहे." खाली ताईंची सही. बाकी काहीच नाही. दाढ काढणाऱ्या विद्यार्थ्याशी ताईंच्या परवानगीने फोनवर बोललो. मुलगा घाबरला होता, पण प्रामाणिक वाटला. म्हणाला, "सर, मी सांगितलं होतं. ओठ बधिर होऊ शकतो म्हणालो होतो."

माझा दोघांवरही विश्वास आहे. खुर्चीत बसल्यावर, समोर सुया-चिमटे मांडलेले असताना ऐकलेलं वाक्य माणसाच्या डोक्यात राहत नाही. म्हणूनच माझं मत असं, की सही म्हणजे संमती नव्हे. संमती म्हणजे त्याआधी झालेलं बोलणं, आणि ते झालं याचा पुरावा म्हणजे त्याच दिवशी लिहिलेली नोंद.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली समीरा कोहली खटल्यात हे बरंच स्पष्ट केलं आहे. त्या बाईंनी दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती, आणि भूल दिलेली असतानाच त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजांडं काढली गेली. न्यायालयाने सांगितलं, की तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही. उपचार काय आहे, कशासाठी आहे, पर्याय कोणते, मोठे धोके कोणते आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे पेशंटला कळायला हवं. अगदी दुर्मीळ धोका सांगितलाच पाहिजे असं मात्र न्यायालयाने म्हटलेलं नाही.

काही डॉक्टर या शेवटच्या वाक्याचा आडोसा घेतात. पण दुर्मीळ कुणासाठी? ताईंच्या ओपीजी एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळाजवळ बोगद्याची पांढरी रेघ तुटलेली दिसत होती आणि मुळावर काळसर पट्टा होता. नस अगदी जवळ असल्याच्या या खुणा आहेत. ज्याच्या एक्स-रेत त्या दिसतात, त्याच्यासाठी ओठाचा बधिरपणा दूरचा धोका राहत नाही. ताईंना तो एक्स-रे दाखवून सांगायला हवं होतं: "ताई, ही दाढ आणि ही नस. ओठ काही आठवडे किंवा महिने बधिर राहू शकतो, क्वचित कायमचा. हवं तर सीबीसीटी स्कॅन करून अंतर नीट पाहू. दुसरा मार्ग म्हणजे दाढेचा वरचा भाग कापून मुळं आतच ठेवायची. पुढे कधी ती काढावी लागू शकतात. काहीच केलं नाही तर हिरडी पुन्हा सुजेल." हे इंजेक्शनच्या आधी, शक्यतो आदल्या भेटीत. आणि आणखी एक वाक्य, जे कॉलेजात हमखास गाळलं जातं: "मी एमडीएसच्या पहिल्या वर्षाला आहे, दाढ मी काढणार आहे, माझे सर शेजारी असतील. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, उपचार थांबणार नाही." बहुतेक पेशंट हो म्हणतात. पण विचारायला हवंच.

आणि मग लिहायला हवं. विद्यार्थ्याने केस पेपरवर चार-पाच ओळी लिहिल्या असत्या तरी पुरे होतं. तारीख आणि वेळ. दाढ क्रमांक 48. मधुमेह, चालू गोळ्या, आजची साखर. शस्त्रक्रियेपूर्वी ओठाची संवेदना दोन्हीकडे सारखी. एक्स-रेत काय दिसलं. मराठीत काय समजावलं, कोणते पर्याय दिले, पेशंटने काय विचारलं आणि काय ठरवलं. नंतर भुलेचं औषध कोणतं आणि किती मिली, हाड कापलं का, दाढेचे तुकडे केले का, नस दिसली का, टाके किती. खाली स्वतःचं नाव आणि देखरेख करणाऱ्या शिक्षकांची सही. पेशंटने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहिलेला असेल, तर छापील फॉर्मपेक्षा त्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

त्या मुलाने मला विचारलं, "सर, आता लिहू का?" मी म्हटलं, लिही, पण आजची तारीख टाकून, उशिरा केलेली नोंद असं स्पष्ट म्हणून. जुन्या ओळींत घुसवू नकोस. चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर लावलेला कागद पाहिला, की मग खऱ्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

तुमच्यासाठी: केस पेपर आणि एक्स-रेची प्रत मागायला संकोचू नका. दंतवैद्यांच्या 2014 च्या आचारसंहितेत नोंदी किमान 3 वर्षे जपण्याची अट आहे.

ताईंना मी परत त्याच कॉलेजात पाठवलं. त्यांच्या सरांनी बधिर भाग कापूस आणि सुईने तपासून चेहऱ्याच्या चित्रावर आखून ठेवला, आणि दर भेटीला तो पुन्हा आखला. तीन महिन्यांत काहीच फरक पडला नसता तर मुख-शस्त्रक्रिया तज्ज्ञांकडे पुढच्या उपचारांसाठी जावं लागलं असतं. पण सहाव्या आठवड्यात मुंग्या येऊ लागल्या आणि पाचव्या महिन्यात हनुवटीवर रुपयाएवढाच भाग उरला.

डावीकडची अक्कलदाढ अजून आहे. ती दुखत नाही. या वेळी त्याच मुलाने एक्स-रे दाखवून अर्धा तास समजावलं आणि ताईंनी ठरवलं, की दुखेपर्यंत ती राहू द्यायची. तेही केस पेपरवर लिहिलेलं आहे, ताईंच्या शब्दांत: "चहा नीट पिता येतोय तोवर नको."