डबा बदलला आणि छाती धडधडली

चिखलीची माझी भाची बारावीला आहे. रात्री आठ वाजता दीड चमचा कॉफी दुधात घालून ती अभ्यासाला बसते. वर्षभर काही त्रास नव्हता. महिन्यापूर्वी रात्री तिचा फोन आला, ‘‘खाला, छाती धडधडतेय, हात थरथरताहेत. उगीच भीती वाटतेय.’’ घरच्यांनी परीक्षेचे टेन्शन म्हणून नजर उतरवली. त्रास मात्र रोज कॉफीनंतर तासाभरात सुरू व्हायचा.

मी दोन्ही डबे मागवले. जुन्या, इथल्या दुकानातल्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिले होते: कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के. चिकोरी म्हणजे भाजलेले मूळ, त्यात कॅफीन नसते. नवा डबा मामूंनी जेद्दाहून आणलेला, निव्वळ कॉफीचा. सपाट चमचाभर, म्हणजे दोन ग्रॅम निव्वळ इन्स्टंट कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे पूर्वी तिच्या कपात ४८ च्या आसपास जायचे, आता ९० जाऊ लागले. चमचा तोच, कप तोच!

शिवाय अंगातले निम्मे कॅफीन उतरायला सरासरी पाच तास लागतात. म्हणून रात्री एक वाजता तिच्या अंगात ४५ उरत होते, जवळजवळ पूर्वीच्या अख्ख्या कपाएवढे. झोप कशी लागणार? काहींच्या यकृतात ते आणखी सावकाश उतरते. गरोदरपणात तर फारच सावकाश, म्हणून गरोदर बाईने चहा-कॉफी मिळून दिवसाला २०० च्या आत राहावे.

भाचीला मनगटावर नाडी मोजायला शिकवले, तीस सेकंद मोजून दुप्पट. धडधडताना आकडा आला ८८, तोही नियमित. वाटत होते त्यापेक्षा हृदय शांत होते, हे कळताच तिची निम्मी भीती गेली. पण ठोके वेडेवाकडे पडत असतील, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा कॉफी न पिताही धडधडत असेल, तर वहीत मोजत बसू नये. डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढावा, रक्त आणि थायरॉईड तपासावे.

कॉफी एकदम तोडली नाही. एकदम सोडली की दुसऱ्या दिवशी डोके ठणकते (पहिल्या रोज्याला दुपारी अनेकांचे दुखते, त्यात चहा सुटल्याचाही वाटा असतो). तीन दिवस एक चमचा, मग अर्धा, आणि वेळ दुपारी चारची. वहीत वेळ, चमचे, चहाचे कप आणि झोप लिहायची. अर्ध्या चमच्यावर धडधड थांबली. पाऊण चमचा करून पाहिला, तोही सोसला. पुन्हा एक घेतला त्या दिवशी दोन चहाही झाले होते, आणि हात थरथरले.

सध्या पाऊण चमच्यावर मुक्काम आहे. मामूंचा डबा संपत आलाय. पुढचा घेताना टक्केवारी वाचून चमचा ठरवू, असे तिनेच सांगितले.