विश्लेषण : टोकनचा व्हाइटपेपर कसा वाचावा? ‘रोज १ टक्का’ या दाव्यातील गोम काय?

नवे कूटचलन किंवा टोकन बाजारात आणताना त्यासोबत व्हाइटपेपर दिला जातो. टोकन कशासाठी आहे, ते कसे चालणार आणि पैसा कुठून येणार, हे त्यात लिहिलेले असणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात अनेक व्हाइटपेपर हे चकचकीत माहितीपत्रक असते. दोन्हींतला फरक ओळखण्यासाठी प्रोग्रामिंग यावेच लागते असे नाही. ‘बिटकनेक्ट’ प्रकरण हे त्याचे बोलके उदाहरण.

बिटकनेक्ट काय होते?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या बिटकनेक्टचे बीसीसी नावाचे टोकन होते. गुंतवणूकदाराने बिटकॉइन देऊन बीसीसी घ्यायचे आणि ते कंपनीलाच ‘कर्जाऊ’ द्यायचे. कंपनीकडील ‘ट्रेडिंग बॉट’ आणि ‘व्होलॅटिलिटी सॉफ्टवेअर’ बाजारातील चढउतारातून नफा मिळवतील, असे सांगितले जात होते. महिन्याला ४० टक्क्यांपर्यंत परताव्याचे आमिष होते. वेबसाइटवर रोजचा परतावा सरासरी १ टक्का दाखवला जात असे.

हिशेब काय सांगतो?

रोज १ टक्का ऐकायला किरकोळ वाटते. पण मिळालेला नफा रोज पुन्हा गुंतवला तर १ लाखाचे वर्षभरात सुमारे ३७ लाख ८० हजार रुपये होतात. दुसऱ्या वर्षाअखेर ही रक्कम १४ कोटींच्या पुढे जाते आणि तिसऱ्या वर्षाअखेर ५०० कोटींच्याही पुढे. असे सॉफ्टवेअर खरोखर हाती असेल, तर कंपनीला लोकांच्या पैशांची गरजच काय? परताव्याचा कोणताही आकडा दिसला की तो तीन वर्षे पुढे नेऊन पाहावा. अवास्तव दावा इथेच उघडा पडतो.

तांत्रिक तपशील कुठे शोधावा?

‘प्रगत अल्गोरिदम’, ‘स्वतःचे खास तंत्रज्ञान’ असे शब्द आले की पुढच्या ओळीत तपासता येईल असे काही आहे का, ते पाहावे. बॉट कोणत्या एक्स्चेंजवर व्यवहार करतो, तोटा झालेल्या दिवसांची नोंद कुठे आहे, हिशेब कोणत्या बाहेरच्या संस्थेने तपासला? बिटकनेक्टच्या बॉटबाबत या प्रश्नांना उत्तरे नव्हती. गुपित फुटेल म्हणून सांगत नाही, हे कारण पुरेसे नाही. सूत्र झाकून ठेवूनही हिशेब तपासून घेता येतो.

याउलट २००८ मधील बिटकॉइनचा व्हाइटपेपर अवघा ९ पानांचा आहे. त्यात परताव्याचे एकही आश्वासन नाही. उलट आपली यंत्रणा कुठे कमकुवत पडेल, याचे गणित आहे. हल्लेखोराकडे नेटवर्कची १० टक्के संगणकीय ताकद असेल, तर पुढचे ५ ब्लॉक जोडले जाईपर्यंत थांबल्यास फसवणुकीची शक्यता हजारात एकाहून कमी राहते. ताकद ४५ टक्के असेल, तर तेवढ्याच खात्रीसाठी ३४० ब्लॉक थांबावे लागते. एका ब्लॉकला सरासरी १० मिनिटे धरली, तर हे दोन दिवसांहून अधिक होतात. आपली मर्यादा आकड्यात सांगणारा कागद तपासता येतो आणि चुकीचा असेल तर खोडताही येतो.

परतावा कशात मिळणार?

हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांच्या नियामकांनी बिटकनेक्टला रोखणारे आदेश काढले. १६ जानेवारीला कंपनीने कर्ज योजना बंद केली. गुंतवणूकदारांची रक्कम परत झाली, पण बीसीसी टोकनमध्ये. कर्ज योजनेसाठीच बीसीसीला मागणी होती. ती संपताच डिसेंबर २०१७ मध्ये ४०० डॉलरच्या वर गेलेल्या टोकनचा भाव कोसळला. म्हणून व्हाइटपेपरमध्ये दोन गोष्टी शोधाव्यात : पैसे परत देताना कंपनी स्वतः छापलेले टोकन देणार का, आणि योजना बंद पडली तर ते टोकन आणखी कुणाला, कशासाठी लागेल?

पुढे काय झाले?

अमेरिकी न्याय विभागाच्या म्हणण्यानुसार नव्यांचा पैसा जुन्यांना देणारी ही पॉन्झी योजना होती आणि तिचा आकार सुमारे २४० कोटी डॉलर होता. प्रमुख प्रचारक ग्लेन आर्कारो याने २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला. भारतीय संस्थापक सतीश कुंभानी यांच्यावर २०२२ मध्ये तिथे आरोप ठेवण्यात आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘ईडी’ने याच प्रकरणात १,६४६ कोटी रुपयांचे कूटचलन जप्त केले.

मग चांगला व्हाइटपेपर म्हणजे सुरक्षित गुंतवणूक?

तसे नाही. नेटका कागद दुसऱ्याचा उचललेला असू शकतो आणि लिहिलेले प्रत्यक्षात येईलच, याची हमी नसते. युरोपीय संघाच्या नियमांनुसार व्हाइटपेपरमध्ये टोकनच्या भावी किमतीबद्दल दावा करता येत नाही. भारतात अशी चाळणी नाही. त्यामुळे कागद वाचून गुंतवणुकीला ‘हो’ म्हणता येत नसले, तरी ‘नाही’ मात्र बऱ्याचदा पहिल्या काही पानांतच म्हणता येते.