एक कोटी जोडप्यांच्या राशी

‘आमच्या घरी सगळी लग्नं पत्रिका पाहून झाली आणि सगळी टिकली,’ असं एका वाचक काकूंनी लिहिलंय. शेवटी त्यांनी विचारलंय, ‘याचा कुणी नीट पडताळा घेतलाय का?’ प्रश्न मनापासून विचारलेला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

पहिली अडचण काकूंच्या वाक्यातच आहे. पत्रिका पाहून लग्न ठरवणाऱ्या घरांत बहुधा दोन्हीकडची माणसं सांभाळून घेतात आणि घटस्फोटाला विरोधही असतो. मग लग्न टिकलं ते छत्तीसपैकी अठ्ठावीस गुणांनी की माणसांनी, हे वेगळं काढायचं कसं? त्यासाठी अशी जोडपी हवीत ज्यांनी पत्रिका न पाहता लग्न केलं. त्यांचे ग्रह नंतर मांडायचे आणि जुळणाऱ्यांचे संसार खरंच जास्त टिकले का, ते मोजायचं.

मँचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड व्होआस यांनी 2007 मध्ये जवळपास हेच केलं. इंग्लंड आणि वेल्सच्या 2001 च्या जनगणनेतून त्यांनी सुमारे एक कोटी जोडप्यांच्या जन्मतारखा घेतल्या आणि नवरा-बायकोच्या राशींच्या 144 जोड्या लावून पाहिल्या. जनगणनेत त्या दिवशी टिकून असलेलीच लग्नं दिसतात. म्हणजे काही राशी एकमेकींना ओढत असतील, किंवा त्यांचे संसार जास्त टिकत असतील, तर दोन्ही कारणांनी त्या जोड्या अपेक्षेपेक्षा जास्त भरायला हव्यात. आकडा इतका मोठा की हजारात एका जोडप्यावर जरी परिणाम झाला असता, तरी दहा हजार जोडपी जास्तीची दिसली असती.

आणि काही जोडपी जास्तीची दिसलीही! नवरा-बायको एकाच राशीचे असण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा थोडं जास्त निघालं, शेजारच्या राशींचंही. इथेच थांबले असते तर मोठी बातमी झाली असती. पण व्होआस यांनी तारखा उघडून पाहिल्या. तेव्हा लक्षात आलं, की ही वाढ मुख्यतः एकच जन्मदिवस किंवा एकच जन्ममहिना लिहिलेल्या जोडप्यांमुळे आहे. जनगणनेचा फॉर्म घरातला एकच माणूस सगळ्यांसाठी भरतो. बायकोची तारीख लिहिताना हात सवयीने स्वतःचाच महिना लिहून जातो. पाश्चात्य राशी महिन्याच्या वीस-बावीस तारखेला बदलते, त्यामुळे महिना चुकून सारखा पडला की रास एकतर तीच येते नाहीतर शेजारची. या चुका बाजूला काढल्यावर राशींचा म्हणावा असा काहीच प्रभाव उरला नाही. ज्योतिषी ज्यांना उत्तम म्हणतात त्या जोड्याही जास्त नव्हत्या. मला या अभ्यासातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण हवा तसा आकडा हाती आल्यावर पुन्हा तपासायला बसणं कठीण असतं.

थेट घटस्फोटही तपासून झालेत. अमेरिकेत बर्नी सिल्व्हरमन यांनी मिशिगन राज्यातल्या 1967-68 सालच्या नोंदींतून लग्न करणारी 2,978 आणि घटस्फोट घेणारी 478 जोडपी घेतली. कुठल्या राशी जुळतात, कुठल्या नाहीत, हे दोन ज्योतिष्यांकडून घेतलं. त्या भाकितांचा नोंदींशी मेळ बसला नाही. स्वीडनमध्ये हेल्गर्ट्झ आणि स्कॉट यांनी लोकसंख्येच्या नोंदवह्यांमधून वर्षानुवर्षांची लग्नं आणि घटस्फोट तपासून 2020 मध्ये निष्कर्ष मांडला, तोही तसाच.

आता काकू म्हणतील, ‘ही सगळी सूर्यराशींची गोष्ट. आमचं गुणमेलन चंद्रावरून होतं.’ हा आक्षेप रास्त आहे. वरच्या अभ्यासांनी नाडी, गण, योनी तपासलेली नाहीत. पण तपासणं अवघडही नाही. चंद्र साधारण एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो आणि छत्तीस गुण वधूवरांच्या चंद्ररास-नक्षत्रांवरूनच काढतात. जन्मतारीख आणि वेळ मिळाली की काम झालं.

नाडीचंच घ्या. सत्तावीस नक्षत्रं, तीन नाड्या, प्रत्येकीत नऊ. पत्रिका न पाहता झालेल्या लग्नांत ढोबळमानाने दर तीन जोडप्यांपैकी एक एकनाडीचं निघणार. मंगळाचंही तसंच. तो पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की माणूस मंगळी; म्हणजे बारातली पाच स्थानं, शंभरात चाळीसेक माणसं. अपवाद लावून पुढे कित्येकांना सोडलं जातं, ते वेगळं. पत्रिका न पाहता झालेले प्रेमविवाह आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांतल्या एकनाडी जोडप्यांचे घटस्फोट इतरांपेक्षा जास्त आहेत का, हे मोजायचं. फक्त गुण काढणाऱ्याला कुणाचा संसार मोडलाय ते आधी कळता कामा नये, आणि लग्नाच्या वेळचं वय दोन्ही गटांत सारखं हवं.